वर्षाला एक पगार?

दुबई-शारजाच्या लेबर कॅम्पांत ग्रॅच्युइटीचा एक तोंडी हिशेब चालतो: वर्षाला एक पगार. पगार तीन हजार दिरहम आणि नोकरी अकरा वर्षांची, म्हणजे तेहतीस हजार. दिरहमला 23 रुपये धरले तर साडेसात लाखांच्या वर. गावाकडे चिऱ्याच्या घराचा वरचा मजला चढवायचा की मुलीचं लग्न उरकायचं, हे याच आकड्यावर ठरतं. मग परतायची वेळ येते, फायनल सेटलमेंटचा कागद हातात पडतो आणि त्यावरची रक्कम निम्म्याहूनही कमी निघते. कंपनीने लुबाडलं, अशी पहिली शंका येते. कधी कधी ती खरीही असते. पण बऱ्याचदा तोंडी हिशेबच चुकलेला असतो.

संयुक्त अरब अमिरातीत खासगी नोकरीसाठी सध्या 2021चा 33 क्रमांकाचा कायदा लागू आहे. तो 2 फेब्रुवारी 2022पासून अमलात आला आणि सगळे करार ठरावीक मुदतीचे झाले. ग्रॅच्युइटी मिळायला सलग एक वर्षाची नोकरी लागते. पहिल्या पाच वर्षांसाठी दरवर्षी 21 दिवसांचा पगार आणि त्यापुढच्या प्रत्येक वर्षासाठी 30 दिवसांचा पगार मिळतो. वरची मर्यादा दोन वर्षांच्या पगाराइतकी. यातली मेख अशी, की पगार म्हणजे इथे फक्त बेसिक. राहण्याचा, प्रवासाचा, इतर भत्ता यातलं काहीही धरत नाहीत.

खेड-मंडणगड, म्हसळा-श्रीवर्धन या पट्ट्यातली कितीतरी घरं आखाती नोकरीवर उभी राहिली. तिथल्या एखाद्या एसी टेक्निशियनचा हिशेब मांडून पाहू. महिन्याला हातात 3,000 दिरहम येतात. पण करारावर बेसिक 1,500 आणि उरलेले 1,500 भत्ते. नोकरी 11 वर्षं 4 महिने. या काळात तो पाच वेळा दोन-दोन महिन्यांसाठी गावी आला. वर्षाची हक्काची रजा 30 दिवसांची, म्हणून प्रत्येक वेळचा दुसरा महिना बिनपगारी. बिनपगारी दिवस नोकरीच्या काळात मोजत नाहीत. पाच महिने वजा झाले आणि हिशेबाची नोकरी उरली 10 वर्षं 11 महिन्यांची.

आता बेसिकला 30ने भागलं की दिवसाचे 50 दिरहम. पहिली पाच वर्षं: 21 दिवस गुणिले 50, गुणिले 5, म्हणजे 5,250. पुढची 5 वर्षं 11 महिने: वर्षाला 1,500 प्रमाणे 8,875. एकूण ग्रॅच्युइटी 14,125 दिरहम. शिल्लक 12 दिवसांच्या रजेचे, तेही बेसिकवरच, 600 मिळाले. मागे घेतलेली 1,000ची उचल कापली गेली. हातात आले 13,725 दिरहम, म्हणजे त्याच दराने सुमारे 3 लाख 16 हजार रुपये. यात कुणी एक दिरहमही लाटलेला नाही.

हा आकडा वाढू शकला असता, कारण हिशेबात शेवटचं बेसिक धरतात आणि ते मागच्या सगळ्या वर्षांना लागू होतं. शेवटच्या पगारवाढीचे 300 दिरहम बेसिकमध्ये पडले असते, तर ग्रॅच्युइटी 16,950 झाली असती, म्हणजे 2,825 दिरहम जास्त. तेच 300 भत्त्यात पडले तर ग्रॅच्युइटीत काहीच फरक नाही. महिन्याच्या शेवटी खात्यात येणारी रक्कम दोन्ही वेळा सारखीच, म्हणून पगारवाढीच्या आनंदात ही वाटणी सहसा कुणी वाचत नाही.

जुन्या लोकांचा एक सल्ला अजून फिरतो: पाच वर्षं पुरी झाल्याशिवाय राजीनामा देऊ नको, सगळं बुडेल. 1980च्या कायद्यात त्यात तथ्य होतं. तेव्हा मुदतीचा करार मोडून पाच वर्षांच्या आत राजीनामा दिला तर ग्रॅच्युइटी जायची. नव्या कायद्यात राजीनामा दिला म्हणून ती कमी होत नाही. दुसरी गोष्ट कराराच्या नूतनीकरणाची. करार वाढवला किंवा नवा केला तरी नोकरी सलग धरायची, असं कायदा सांगतो. दर दोन वर्षांनी हिशेब मिटवून पुन्हा पहिल्यापासून मोजणी सुरू झाली, तर 30 दिवसांचा टप्पा कधीच येत नाही. तसं होत असेल तर तिथेच हरकत घ्यावी.

हे सगळं अमिरातीचं. सौदी अरेबियात पहिल्या पाच वर्षांना वर्षाला अर्धा महिना आणि पुढे पूर्ण महिना असा दर आहे, आणि दहा वर्षांच्या आत राजीनामा दिला तर रक्कम घटते. त्यामुळे दम्मामच्या मेहुण्याचा हिशेब दुबईत चालत नाही.

खरी गडबड शेवटच्या आठवड्यात होते. करार संपल्यापासून 14 दिवसांत सगळी देणी चुकती करायला हवीत. पण व्हिसा कॅन्सल करताना कामगाराची ज्या कागदावर सही घेतात, त्यात सगळी देणी मिळाल्याचा मजकूर असतो. पैसे मागाहून खात्यात टाकतो, आधी सही कर, असं म्हणून ती घेतली जाते. विमान दोन दिवसांवर आलेलं असतं. माणूस सही करून मोकळा होतो. पुढे भांडायचं तर तीच सही आडवी येते. पैसे आले नाहीत तर देश सोडण्याआधी मनुष्यबळ मंत्रालयाकडे तक्रार नोंदवणं सोपं; 50,000 दिरहमपर्यंतच्या दाव्यावर मंत्रालय स्वतःच निर्णय देऊ शकतं. नोकरी संपल्यापासून दोन वर्षांनंतर दावा ऐकला जात नाही.

दुसरा फटका बँकेचा. पगाराच्या खात्यावर पर्सनल लोन असेल तर ग्रॅच्युइटी त्याच खात्यात येते आणि बँक आधी आपली बाकी वळती करून घेते. बहिणीच्या लग्नासाठी शेवटच्या दोन वर्षांत काढलेलं कर्ज असं ग्रॅच्युइटी गिळून टाकतं.

म्हणून परतीची शिदोरी ग्रॅच्युइटीच्या बाहेर बांधावी लागते. आपल्या टेक्निशियनने पहिल्या महिन्यापासून 200 दिरहम भारतातल्या एनआरई खात्यात वेगळे टाकले असते, तर 23च्या दराने 136 महिन्यांत व्याज न धरताही 6 लाख 25 हजार रुपये साठले असते, म्हणजे सेटलमेंटच्या जवळजवळ दुप्पट. एनआरई ठेवीचं व्याज परदेशात असेपर्यंत भारतात करमुक्त असतं. कायमचं परतल्यावर मात्र बँकेला कळवून खातं रहिवासी करून घ्यावं लागतं आणि तिथून पुढचं व्याज करपात्र होतं. परकीय चलनातली एफसीएनआर ठेव मुदत संपेपर्यंत तशीच ठेवता येते. परतण्याची तारीख दिसू लागली की ठेवींच्या मुदती तिच्या आगेमागे बसवणं सोयीचं. पीपीएफचं नवं खातं अनिवासी भारतीयाला उघडता येत नाही, आधीचं मुदतीपर्यंत चालू ठेवता येतं. म्हणून ते निघण्यापूर्वी उघडलेलं बरं.

सध्या तिकडे असलेल्यांनी सुट्टीच्या दिवशी एवढं करावं: मंत्रालयाच्या अ‍ॅपमध्ये आपला करार उघडून बेसिकचा आकडा पाहावा, आजवरच्या बिनपगारी रजा लिहून काढाव्यात, वरच्यासारखा हिशेब मांडावा आणि आलेली रक्कम घरी कळवावी. वरच्या मजल्याचं बजेट त्यावर ठरवावं.