तुळस, सब्जा आणि पुदिना : खोड, पान व गंध यांवरून ओळख

गेल्या वर्षी वर्षा ऋतू सरताना आमच्या चिकित्सालयात जीर्ण कासाचे एक वृद्ध रुग्ण काढ्याची पुडी परत घेऊन आले. तीन वर्षे तोच काढा घेणाऱ्या त्या गृहस्थांनी सांगितले, "वैद्यबुवा, या वेळचा काढा बडीशेपेसारखा गोड लागतो. घशाला तो नेहमीचा तिखटपणा जाणवत नाही, आणि खोकलाही हलत नाही." काढ्यातील अन्य द्रव्ये जुन्याच साठ्यातील होती. नवे होते ते केवळ तुळशीचे पंचांग, दहा किलोचे पोते, आठवड्यापूर्वी आलेले. पोते उघडले तेव्हा सुवास उत्तम होता. तोच सुवास आम्हांस फसवून गेला होता.

त्या पोत्याची तपासणी कशी केली, हे प्रस्तुत लेखात क्रमाने मांडीत आहे. लागणारी साधने प्रत्येक औषधालयात असतात : पांढरा कागद, तराजू, दहापट मोठे दाखविणारे भिंग, एक काचेची वाटी आणि कोमट पाणी.

नमुना कसा घ्यावा

पोत्याच्या तोंडाशी चांगला माल आणि तळाशी दुसराच, हा अनुभव नवा नाही. म्हणून वरून, मधून व तळातून प्रत्येकी दोन ओंजळी माल काढून स्वच्छ कापडावर एकत्र केला. त्याचा गोल ढीग पसरून चार भाग केले, समोरासमोरचे दोन भाग ठेवले व उरलेले बाजूस सारले. ठेवलेला माल पुन्हा मिसळून हीच कृती करीत गेलो, आणि अखेरीस उरलेल्या मालातून 100 ग्रॅम नमुना तोलून घेतला. नंतर खोडाचे तुकडे, पाने, मंजिऱ्या व चुरा असे चार वाटे केले. या पृथक्करणास अर्धा तास पुरला.

खोड : चौकोनी असणे पुरेसे नाही

खोड चौकोनी असले की तुळस, असे अनेक खरेदीदार मानतात. वस्तुतः चौकोनी खोड आणि समोरासमोर येणारी पाने ही संपूर्ण कुळाची लक्षणे आहेत. तुळस, सब्जा, पुदिना, मरवा हे सर्व त्याच कुळातील असल्याने चौकोनी खोड पाहून आपण फक्त कुळाच्या उंबरठ्यावर पोहोचतो. गोल खोडाचा तुकडा मात्र निःशंकपणे बाजूस काढावा, परंतु तो कोवळ्या शेंड्याचा आहे याची खात्री करून घ्यावी. तुळशीचे जुने खोड बुंध्याशी काष्ठमय होते आणि त्याचे कोन बुजतात.

पुढील भेद लवेचा. तुळशीच्या कोवळ्या फांदीवर मऊ, लांब, खोडापासून बाहेर पसरलेली लव असते. भिंगाखाली ती चारही बाजूंस दिसते. सब्जाची फांदी जवळजवळ गुळगुळीत असते, आणि लव असलीच तर ती आखूड व बहुधा समोरासमोरच्या दोन बाजूंवरच आढळते. हे लक्षण वाळल्यावरही टिकते, म्हणून तपासणीचा आरंभ मी पानाऐवजी फांदीपासून करतो.

रंगावर मात्र विसंबू नये. कृष्ण व श्वेत तुळस या एकाच जातीच्या दोन छटा आहेत, आणि भावप्रकाशानेही दोहोंचे गुण समान मानले आहेत. उलट सब्जाच्याही जांभळ्या जाती आहेत. "जांभळी दांडी म्हणजे कृष्णतुळस" हा निकष दोन्ही बाजूंनी चुकतो.

पान : आधी भिजवावे, मग पाहावे

वाळलेल्या, गुंडाळलेल्या पानावरून आकाराचा निर्णय देणे धाडसाचे होय. वीस-पंचवीस बऱ्यापैकी अखंड पाने कोमट पाण्यात दहा-पंधरा मिनिटे ठेवावीत आणि काचेवर अलगद उलगडावीत.

तुळशीचे पान लंबवर्तुळाकार, टोकाशी बोथट किंवा किंचित टोकदार, दोन्ही अंगांनी लवयुक्त आणि म्हणून निस्तेज दिसते. कडा उथळ दंतुर असते व सडपातळ देठावरही लव असते. सब्जाचे पान अंड्याकृती-भाल्यासारखे, देठाकडे निमुळते, पृष्ठभागाने गुळगुळीत व चकचकीत असते. कडा बहुधा सलग, क्वचित विरळ दातांची. ताजे पान मध्यभागी थोडे फुगीर असते आणि वाळताना ते लवकर काळवंडते.

पुदिन्याची ओळख सर्वांत सोपी आहे. बाजारात येणाऱ्या नेहमीच्या पुदिन्याचे पान खोडाला जवळजवळ देठाविना चिकटलेले असते. शिरा खोल गेल्याने पान सुरकुतलेले दिसते आणि कडेचे दात तीक्ष्ण असून टोकाकडे झुकलेले असतात. ज्या पुदिन्यापासून मेंथॉल काढतात त्याच्या पानास मात्र आखूड देठ असतो, हे ध्यानी ठेवावे. जुडीत पेरांशी मुळे फुटलेले सरपटणारे धुमारे आढळले तर शंका उरत नाही, कारण तुळस व सब्जा असे धुमारे सोडीत नाहीत.

गंध : उपयुक्त, पण एकटा साक्षीदार नव्हे

पोत्याचा गंध घेणे व्यर्थ आहे, कारण मिश्रणात तीव्र वासाचे द्रव्य सौम्य वासाच्या द्रव्यास झाकून टाकते. एकेक पान तळहातावर चोळून हुंगावे. दोन पानांच्या मध्ये मिनिटभर मोकळ्या हवेत जावे, अन्यथा तिसऱ्या पानानंतर नाक बधिर होते. वाळलेल्या पानाचा वास मंद असेल तर ते चिमूटभर गरम पाण्यात टाकून दोन मिनिटे झाकावे आणि झाकण उघडताच वास घ्यावा.

तुळशीचा गंध लवंगेकडे झुकणारा, तिखट असतो. तो मुख्यतः युजेनॉल या घटकामुळे येतो, आणि लवंगेतही तोच घटक आहे. पान चावले असता जिभेवर उष्ण चणचण जाणवते. सब्जाचा गंध गोडसर, बऱ्याचदा बडीशेपेची आठवण देणारा असतो. पुदिन्याच्या गंधाबरोबर ताजेपणा येतो. मेंथॉलयुक्त जातीत श्वास आत घेताना स्पष्ट थंडावा जाणवतो, तर नेहमीच्या पुदिन्यात तो सौम्य असतो.

येथे एक मर्यादा आहे. या वनस्पतींत एकाच जातीच्या निरनिराळ्या वाणांचे तैल-घटक भिन्न असतात. सब्जाचे काही वाण बडीशेपेसारखे तर काही फुलासारखे गंधतात, आणि लवंगेची छटा असलेलेही आढळतात. म्हणून गंधाने संशय घ्यावा, निर्णय खोड, पान व मंजिरी यांच्या एकमताने द्यावा.

मंजिरी : सर्वांत विश्वासू खूण

पान चुरडते, गंध उडतो, पण फुलाखालचा हिरवा पेला म्हणजे निदलपुंज वाळल्यावरही आकार सोडीत नाही. तुळस व सब्जा या दोहोंत त्याचा वरचा भाग एकाच रुंद, गोल पाकळीसारखा, टोपीप्रमाणे वर वळलेला असतो, तर खालच्या ओठास चार दात असतात. तुळशीचा फळधारी पेला साधारण तीन-चार मिलिमीटरचा, नाजूक, बारीक व तुलनेने लांब दांडीवरचा. सब्जाचा त्याच्या सुमारे दुप्पट, आखूड वाकलेल्या दांडीवरचा.

पेल्यातील बी काढून पाण्यात टाकावे. सब्जाचे बी काळे, सुमारे दोन मिलिमीटर लांब, आणि काही मिनिटांत त्याभोवती जाड करडा-पांढरा बुळबुळीत थर येतो. तुळशीचे बी तपकिरी, जेमतेम एक मिलिमीटरचे. त्यावरही बुळबुळीत थर येतो, पण तो पातळ असतो. "फुगले म्हणजे सब्जा" असे म्हणून चालणार नाही. रंग, आकार व थराची जाडी एकत्र पाहावी.

पोत्यात काय निघाले

आमच्या 100 ग्रॅम नमुन्यात तुळस 51 ग्रॅम, सब्जा 24 ग्रॅम आणि ओळख न पटणारा चुरा 18 ग्रॅम निघाला. उरलेले 7 ग्रॅम तिसऱ्याच वनस्पतीचे होते. तिची पाने रुंद, लवयुक्त, देठाशी हृदयाकृती; वास उग्र. पेला पाहताच उलगडा झाला : वर गोल टोपी नव्हती, तर दहा ठळक कण्यांच्या पेल्यावर पाच सारखे काटेरी दात होते. ही हिप्टिस सुआविओलेन्स, मूळची अमेरिका खंडातील, आपल्याकडे रस्त्याच्या कडेस व पडीक रानात माजलेली तणवर्गीय वनस्पती. तिला काही भागांत 'रानतुळस', काही ठिकाणी 'विलायती तुळस' म्हणतात. 'रानतुळस' हेच नाव मोठ्या पानांच्या, लवंगगंधी ऑसिमम ग्रॅटिसिमम या झुडपासही दिले जाते. खरेदीच्या चिठ्ठीवर केवळ लोकनाम लिहिले तर गोळा करणारा निष्पाप मनाने यांपैकी काहीही आणून देऊ शकतो. मागणीपत्रात 'ऑसिमम सँक्टम, अर्थात ऑसिमम टेन्युइफ्लोरम' असे शास्त्रीय नाव लिहिण्याची प्रथा आम्ही तेव्हापासून पाळतो.

सब्जाच्या मंजिऱ्यांतील बहुतेक पेले रिकामे होते. व्यापाऱ्यास विचारले असता त्याने कबूल केले की बी झोडपून काढल्यावर उरलेला पाला स्वस्त मिळतो व "वास तर तुळशीचाच येतो". पोते परत केले, काढा नव्या तुळशीने सिद्ध केला. आमच्या रुग्णाने पहिल्याच घोटाला मान हलविली.

सब्जा हे निरुपयोगी द्रव्य नव्हे. भावप्रकाशात बर्बरीचे वर्णन तुळशीहून स्वतंत्र आहे, आणि सुश्रुताच्या सुरसादि गणात सुरसा व अर्जक वेगवेगळे मोजले आहेत. चरकाने श्वासहर द्रव्यांत सुरसा गणली, तिच्या जागी सब्जा आला तर तो योग आपण लिहिलेला योग राहत नाही, आणि अपयश मात्र शास्त्राच्या नावे जमा होते.

चूर्णाविषयी

वरील सर्व खुणा अखंड मालापुरत्या आहेत. चूर्ण झाल्यावर पान, लव व पेला नष्ट होतात आणि उघड्या डोळ्यांस काही सांगता येत नाही. प्रयोगशाळेतील पातळ थर वर्णलेखनात युजेनॉलचा ठिपका दिसला तरी तो लवंगेच्या भेसळीनेही दिसू शकतो. म्हणून औषधालयाने तुळशीचे चूर्ण विकत न घेता मंजिऱ्यांसह अखंड पंचांग घ्यावे, वरीलप्रमाणे शंभर ग्रॅम निवडून पाहावे, आणि मगच दळावे. निवडलेल्या नमुन्यातील पाच-सहा मंजिऱ्या तारखेसह कागदी पाकिटात जपून ठेवाव्यात. पुढचे पोते आले की तुलनेस त्याच उपयोगी पडतात.