पाणी नंतर

लस्सी करताना बहुतेक घरांत पहिली चूक पाण्याची होते. दही भांड्यात पडलं की लगेच त्यावर तांब्याभर पाणी येतं आणि मग रवी फिरू लागते. दह्याच्या गुठळ्या पाण्यात रवीपुढून निसटत राहतात, त्यांच्यावर रवीची पकड बसत नाही. पाच मिनिटं घुसळलं तरी पेल्याच्या तळाशी कण लागतात. म्हणून आधी नुसतं दही घुसळावं. ते घट्ट असतं तेव्हाच गुठळी रवी आणि भांड्याच्या भिंतीमध्ये सापडते आणि मोडते. रवीवरून एकसंध, चकचकीत धार पडू लागली की पाणी घालायला हरकत नाही, तेही थोडं थोडं.

दही कुठलं घ्यायचं हे काय करायचं त्यावर ठरतं. गोड लस्सीला अदमुरं किंवा ताजं, कवडी पडलेलं दही हवं. विरजण लागल्यावर जिवाणू दुधातल्या साखरेचं आम्ल करत राहतात, आणि ऊबदार जागी दही जितका वेळ राहील तितकं ते आंबट होतं. त्या आंबटपणावर साखर कितीही घातली तरी चव गोड-आंबट अशी दुहेरीच राहते. जास्त आंबट झालेलं दही मठ्ठ्यासाठी ठेवावं. तिथे पाणी जास्त असतं आणि मीठ-आलं त्याला सांभाळून घेतं.

दोन मोठ्या पेल्यांसाठी सुमारे 400 ग्रॅम घट्ट दही घ्या. त्यात पोहे खायच्या चमच्याने नाही, तर मोठ्या चमच्याने सपाट चार चमचे पिठीसाखर आणि चिमूटभर मीठ घालून घुसळा. मीठ खारट लागण्यासाठी नसतं, ते आंबटपणाची धार बोथट करतं. मग गार पाणी साधारण अर्धी वाटी, लागेल तसं. चव बघताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी: गार पदार्थात गोडी कमी जाणवते. म्हणून खोलीच्या तापमानाला चाखलेली लस्सी किंचित जास्त गोड लागली पाहिजे. बर्फ टाकणार असाल तर तोही पाणीच, तेव्हा आधीचं पाणी तितकं आवरतं घ्या. वर साय आणि वेलची. खारी लस्सी हवी असेल तर साखरेऐवजी पाव चहाचा चमचा मीठ, किंचित पादेलोण आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड. प्रमाण तेच, पाणी थोडं वाढवलं तरी चालतं.

मिक्सर वापरायला हरकत नाही, पण दोन-तीन वेळा क्षणभर फिरवून थांबावं. पातं फार वेळ फिरलं की दह्याची घट्ट जाळी मोडते आणि लस्सी पातळ, फेसाळ होते. ती नंतर थंड करूनही पूर्वीइतकी दाट होत नाही. साईचं दही असेल तर आणखी एक धोका असतो: बारीक लोण्याचे कण वर येऊ लागतात. जिभेवर ते तुपकट लागतात.

गंमत म्हणजे लस्सीत नको असलेली हीच गोष्ट ताकात हवी असते. लोणी काढायचं तर दही गार हवं, साधारण 12 ते 15 अंशांचं. उन्हाळ्यात ते ऊन असलं की स्निग्धांश मऊ पडून पसरतो आणि गोळा जमत नाही. मग आजीबाई भांड्याभोवती बर्फाचं पाणी ठेवतात किंवा घुसळताना गार पाणी शिंपडतात. रवीचा आवाज जड होतो, कडेला पिवळसर दाणे चिकटू लागतात, तेव्हा थांबायचं.

लोणी काढलेलं ताक असो वा साध्या दह्याचा मठ्ठा, एक वाटी दह्याला दोन ते तीन वाट्या पाणी. जिलबीच्या पंगतीला मठ्ठा पातळच असावा, कारण गोडाच्या घासानंतर तोंड मोकळं करणं हे त्याचं काम. आल्याचा तुकडा, अर्धी हिरवी मिरची, चार कोथिंबिरीच्या काड्या आणि मीठ पाट्यावर किंवा खलात एकत्र ठेचावं. मीठ खरखरीत असल्याने मिरचीचा रस चटकन सुटतो, आणि तोच रस ताकात उतरतो. मिरचीचे तुकडे नुसते टाकले तर तिखट फक्त तुकड्यातच राहतं. हे ठेचलेलं ताकात घालून अर्धा तास गार ठेवा, मग गाळा. शेवटी हिंग, जिऱ्याची पूड आणि चिमूटभर साखर. तीन-चार वाट्या मठ्ठ्याला अर्धा चहाचा चमचा मीठ पुरतं, पण ते एकदम घालू नये.

ठेवलेल्या मठ्ठ्यात वर निवळी आणि खाली पांढरा थर दिसला तर तो नासला असं समजू नये. दह्यातले प्रथिनांचे कण जड असल्याने बसतात, ढवळलं की परत मिसळतात. नासल्याची खूण वेगळी असते: कडवट चव, तोंडाला झोंबणारा फेस आणि बुरशीचा वास.