फोनच्या पाठीवरून दिलेली वीज

फोनच्या मागच्या काचेखाली तांब्याच्या बारीक तारेचे एक चपटे वेटोळे असते. फोन चार्जिंग पॅडवर ठेवला की ते पॅडकडून वीज घेते. त्याच वेटोळ्यातून वीज बाहेर सोडली की फोन स्वतःच पॅड होतो आणि त्याच्या पाठीवर ठेवलेली इअरबड्सची डबी किंवा दुसरा फोन चार्ज होऊ लागतो. हुआवेने ही सोय २०१८ मध्ये मेट २० प्रोमध्ये आणली. पुढच्या वर्षी ती सॅमसंगच्या गॅलक्सी एस१० मध्ये आली.

यातली खरी करामत वेटोळ्यामागच्या चिपची आहे. तिच्यात चार ट्रान्झिस्टर असतात. फोन वीज घेत असताना ते वेटोळ्यातल्या एसीचे डीसी करतात. देताना तेच चार ट्रान्झिस्टर सेकंदाला एक ते दोन लाख वेळा आळीपाळीने उघडझाप करून डीसीचे एसी करतात. वेगळा सुटा भाग जवळजवळ लागत नाही. वर ठेवलेली डबी आपल्यावरचा भार ठरावीक पद्धतीने कमी-जास्त करते. त्याचे पडसाद फोनच्या वेटोळ्यात उमटतात आणि ‘जास्त द्या’, ‘कमी करा’ हे फोनला कळते. असा निरोप येईनासा झाला की फोन वीज थांबवतो. फोनवर नुसती किल्ली ठेवली तर ती तापत राहत नाही, ती याच व्यवस्थेमुळे.

आता हिशोब. समजा, फोनची बॅटरी ४००० मिलिअँपिअर-तासांची आणि ३.८५ व्होल्टची आहे; म्हणजे तिच्यात सुमारे १५.४ वॉट-तास ऊर्जा आहे. इअरबड्सच्या रिकाम्या डबीला भरायला १.९ वॉट-तास लागतात. काहीच वाया गेले नाही तर फोनची १२ टक्के बॅटरी पुरावी. पण बॅटरीचा व्होल्टेज आधी वाढवावा लागतो, तिथे साधारण ९२ टक्के ऊर्जा पुढे जाते. ट्रान्झिस्टरांतून त्यातली ९४ टक्के, दोन वेटोळ्यांमधल्या फटीतून ८० टक्के आणि डबीत पुन्हा डीसी होताना ९० टक्के. हे आकडे चांगल्या जुळणीचे नमुन्याचे आहेत. त्यांचा गुणाकार केला की ६२ टक्के उरतात.

शेवटचा घाटा अनेकांच्या लक्षात येत नाही. अनेक लहान डब्यांतले चार्जिंग सर्किट अगदी साधे असते: पाच व्होल्ट आले आणि बॅटरीला ३.८ हवे असले, तर मधला फरक ते उष्णता करून टाकते. म्हणजे आणखी चौथा हिस्सा गेला. फोनमधून निघालेल्या ऊर्जेपैकी बॅटरीत पोहोचते ती सुमारे ४७ टक्के, आणि १२ ऐवजी २६ टक्के बॅटरी खर्च होते. हीच डबी फोनला यूएसबी-सी केबलने जोडली तर फट आणि एसी-डीसीचा फेरा वाचतो. खर्च १८ टक्क्यांच्या आसपास येतो. आयफोन १५ पासून ॲपलनेही केबलची हीच वाट दिली आहे, कमाल ४.५ वॉटची.

हिशोब बिघडवणारी मुख्य गोष्ट म्हणजे जागा. फोनचे वेटोळे पाठीच्या मधोमध असते, डबीचे तिच्या पाठीत किंवा तळाशी, आणि दोन्ही बाहेरून दिसत नाहीत. थोडे सरकले किंवा मध्ये जाड कव्हर आले की जुळणी सुटते. मग तेवढीच वीज पोहोचवण्यासाठी फोन वेटोळ्यातला प्रवाह वाढवतो आणि तांब्यातली उष्णता त्या प्रवाहाच्या वर्गाने वाढते. चार्जिंगची खूण दिसत राहते, म्हणून वापरणाऱ्याला संशय येत नाही. पाठ लक्षात येण्याइतकी गरम होणे हाच इशारा. ही उष्णता दोन्ही बॅटरींना लागते, आणि उष्णतेने लिथियम बॅटरी लवकर म्हातारी होते. ही चिंता वाया गेलेल्या विजेपेक्षा मोठी आहे.

दुसरी अडचण शेवटच्या टप्प्याची. डबी भरत आली की ती प्रवाह कमी करते, पण फोनच्या चिपचा स्वतःचा खर्च चालूच राहतो. त्यामुळे शेवटचे दहा-पंधरा टक्के सर्वांत महाग पडतात आणि डबी त्याआधीच उचलणे किफायतीचे ठरते.

फोनवरून फोन चार्ज करताना घेणाऱ्याचे सर्किट चांगले असते, म्हणून ५५ टक्क्यांपर्यंत ऊर्जा पोहोचू शकते: १००० मिलिअँपिअर-तास दिले तर साडेपाचशे. मात्र प्रत्यक्ष मिळणारी शक्ती दोन-तीन वॉटचीच असते. घेणाऱ्या फोनचा पडदा चालू असेल तर त्यातला एक-दीड वॉट तिथेच संपतो आणि टक्के जेमतेम हलतात. तो फोन बंद करून ठेवला, तर अर्ध्या तासात एका तातडीच्या कॉलपुरती बॅटरी नक्की जमते.