ई-बुकला पान नंबरच नाही, मग तळटीपेत काय लिहायचं?

धावड्याला घरी होतो तेव्हा भाचीने तिच्या प्रोजेक्टची संदर्भसूची दाखवली. अकरा छापील पुस्तकं आणि एक ई-बुक, 'श्यामची आई'. छापील पुस्तकांच्या तळटीपा व्यवस्थित होत्या. ई-बुकच्या तळटीपेत मात्र तिने 'पृ. २१' लिहिलं होतं. "मामा, स्क्रीनवर तेच दिसतंय ना!"

मी तिच्या मोबाईलवर अक्षर दोन पायऱ्या मोठं केलं. तोच परिच्छेद, पण आकडा बदलला. अक्षराचा आकार आणि स्क्रीन बदलली की काही अ‍ॅप पानं नव्याने मोजतात. मग सरांनी त्यांच्या मोबाईलवर पान २१ उघडलं, तर तिथे भलतंच काहीतरी निघणार.

अशा वेळी पुस्तकाची स्वतःची विभागणी वापरायची. साने गुरुजींच्या या पुस्तकात ती आयतीच मिळते. प्रकरणांना 'रात्र' म्हटलंय आणि प्रत्येक रात्रीला नाव आहे. भाचीला हवा होता कळ्या तोडण्याचा प्रसंग, म्हणजे रात्र तिसरी. त्या रात्रीतले परिच्छेद मोजले आणि तळटीप अशी केली:

साने गुरुजी, श्यामची आई (किंडल आवृत्ती), रात्र तिसरी : 'मुकी फुले', परिच्छेद ४.

आता ज्याच्याकडे छापील प्रत आहे, तोही ती जागा शोधू शकतो. फक्त एक अडचण आहे. संवाद जास्त असले की वेगवेगळ्या आवृत्त्यांत परिच्छेद वेगळे तोडलेले असतात. म्हणून मी परिच्छेदाचे पहिले तीन-चार शब्दही अवतरणात टाकायला सांगितले.

मग किंडलचं लोकेशन? खालच्या कोपऱ्यातल्या आकड्यावर टॅप करत गेलं की ते दिसतं. अक्षर मोठं केलं तरी ते बदलत नाही, हा त्याचा फायदा. पण ते फक्त त्याच किंडल आवृत्तीत चालतं. छापील प्रतवाल्याला त्याचा काही उपयोग नाही. एपीए आणि एमएलए या दोन्ही पद्धती लोकेशन वापरू नका असंच सांगतात. माझ्या मते, प्रकरणांना नाव किंवा क्रमांक नसेल तरच ते द्यावं, आणि सोबत 'किंडल आवृत्ती' लिहायलाच हवं. टक्के तर अजिबात देऊ नका.

पीडीएफचं तसं नाही. तिथे पानं पक्की असतात, त्यामुळे पान नंबर बिनधास्त द्या. फक्त पानावर छापलेला आकडा घ्या. अ‍ॅप मुखपृष्ठापासून मोजतं, त्यामुळे त्याचा आकडा पुढे असू शकतो.

शेवटच्या सूचीत मात्र फार काही बदलावं लागलं नाही. तिथे पूर्ण पुस्तकाची नोंद असते, पान नसतंच. लेखकाच्या नावानुसार ई-बुक छापील पुस्तकांमध्येच बसवलं आणि नावापुढे 'किंडल आवृत्ती' जोडलं. भाचीने वर्ष १९३५ टाकलं होतं. ते पहिल्या छापील आवृत्तीचं. तिने वाचलेल्या ई-बुकचं वर्ष आणि प्रकाशक आतल्या माहितीच्या पानावर सापडले.