प्लास्टरमधल्या मित्राला चार ओळी

वर्गातल्या एखाद्या मुलाचा पाय मोडला की वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तासाभरात ‘लवकर बरा हो’ची रांग लागते. एकाने लिहिलं की दुसरा तेच उचलून टाकतो, सोबत जोडलेले हात आणि फुलांचा गुच्छ. यात कुणाच्या मनात वाईट काही नसतं. पण अंथरुणावर पडलेल्या मुलाला त्यातून एवढंच कळतं, की बातमी सगळ्यांपर्यंत पोहोचली. त्याला हसवतील, धीर देतील आणि कुठे बोचणार नाहीत अशा चार ओळी लिहायच्या असतील, तर आधी त्याचा दिवस कसा जातोय ते माहीत हवं. निरोपाचा सूर तिथूनच ठरतो.

एक उदाहरण धरून चालू. नववीतला मुलगा आहे, सोयीसाठी त्याला सुमित म्हणू. कबड्डीच्या सरावात पकड सोडवताना तो वेडावाकडा पडला आणि नडगीचं हाड मोडलं. ऑपरेशन लागलं नाही. हाड जागेवर बसवून मांडीपासून पावलापर्यंत प्लास्टर घातलं. या वयात अशा फ्रॅक्चरला प्लास्टर साधारण सहा ते दहा आठवडे राहतं; नेमकं किती, ते एक्स-रे बघून डॉक्टर ठरवतात. पहिले दोन-तीन दिवस सूज आणि ठणका सर्वांत जास्त असतो. पाय उशांवर छातीपेक्षा उंच ठेवून पडून राहायचं, कूस बदलली तरी कळ येते, झोप मोडते. बाथरूमला जायचं तर बाबांच्या खांद्याचा आधार. कालपर्यंत मैदान गाजवणाऱ्या चौदा वर्षांच्या मुलाला हा आधार दुखण्याइतकाच जड जातो. त्यात भेटायला येणारा प्रत्येक जण विचारतो, ‘कसं काय झालं रे?’ आणि त्याला तो पडण्याचा क्षण पुन्हा पहिल्यापासून सांगावा लागतो.

अशा वेळी जवळचा मित्र उत्साहाच्या भरात काय लिहितो, ते बघा:

‘सुम्या, काय रे हे! बघून खेळता येत नाही का? पण मज्जा आहे बाबा तुझी, दोन महिने शाळा नाही, अभ्यास नाही! लंगडीत तर आता तुला कोणीच हरवू शकणार नाही, हा हा! टेन्शन घेऊ नको, माझ्या मामाचा पाय दोन ठिकाणी मोडला होता, तरी आता पळतो. स्पर्धेत तू नाहीस म्हणजे आपण हरलोच. कधी येतोस शाळेत? लगेच सांग.’

मुलगा प्रेमाचाच आहे. तरीही सुमित हे वाचून फोन उलटा ठेवून देईल. का, ते एकेका वाक्यावरून बघू.

‘बघून खेळता येत नाही का’ हे आपल्याकडे काळजीपोटीच म्हटलं जातं, आजी-आजोबा तर हमखास म्हणतात. पण घरात हे वाक्य त्याने आधीच चार वेळा ऐकलेलं असतं. मित्राकडूनही तेच आलं की चूक आपलीच, हे पक्कं होतं. ‘मज्जा आहे’ म्हणणाऱ्याला ठणका माहीत नसतो, आणि घरात बसून राहणं ही शिक्षा कशी असते तेही. मामाची गोष्ट धीर द्यायला सांगितली जाते; ऐकणाऱ्याला मात्र वाटतं, की आपलं दुखणं त्यापुढे किरकोळ ठरवलं गेलं. ‘तू नाहीस म्हणजे हरलोच’ हे कौतुक आहे, पण पराभवाचं ओझं त्याच्याच मोडक्या पायावर ठेवणारं. आणि ‘कधी येतोस’ याचं उत्तर त्याच्याकडे नाहीच, ते पुढच्या एक्स-रेवर अवलंबून आहे.

राहिला लंगडीचा विनोद. खरा प्रश्न इथेच आहे, कारण मित्राच्या निरोपात हसू हवंच. नुसती सहानुभूती आली की मुलगा आणखी आजारी होतो. मग हसायचं कशावर? त्याच्या पायावर, पडण्यावर, परावलंबीपणावर नको. वर्गावर चालेल, गणिताच्या तासावर चालेल, डब्यातल्या भाजीवर चालेल आणि लिहिणाऱ्याच्या स्वतःच्या फजितीवर तर नक्कीच चालेल. पायावरचा विनोद करायचा पहिला हक्क सुमितचा. त्याने स्वतःच ‘मी आता एका पायाचा बगळा झालोय’ असं लिहिलं, तर दार उघडलं असं समजा. त्यानंतर बगळ्याला ‘मासे मिळतायत का’ असं खुशाल विचारा. पण तो म्हणाला त्याच्यापेक्षा एक पाऊल पुढे जाऊ नका. बगळ्याचं लंगडं बदक करायला गेलात की हसू थांबतं.

आता तोच निरोप पुन्हा लिहू:

‘सुम्या, पाय मोडल्याचं कळलं, फार वाईट वाटलं. स्पर्धेसाठी तू किती घाम गाळला होतास ते मी रोज बघत होतो. इकडे तू नसल्यामुळे गणिताच्या सरांचा सगळा मारा एकट्या माझ्यावर. आज तीनदा फळ्यापाशी उभं केलं, तिन्ही वेळा माझं गणित चुकलं आणि तिन्ही वेळा वेगळं उत्तर आलं! विज्ञानाची वही मी तुझ्यासाठी उतरवतोय. शनिवारी पाचला आणून देतो. दुखत असेल तर आईकडे देऊन निघेन. उत्तर लिहीत बसू नको, पड आरामात.’

यात पहिलं वाक्य साधं, सरळ दुःखाचं आहे. ते टाळून थेट हसण्यावर आलं की विनोद पोकळ वाटतो. दुसऱ्या वाक्यात त्याचं खरं नुकसान नावानिशी सांगितलं आहे. हाड जुळून येईल, पण स्पर्धा गेली. ते कुणाच्या तरी लक्षात आलंय, हे त्याला कळायला हवं. मग हसू येतं, आणि ते लिहिणाऱ्याच्या फजितीचं असतं. त्यातच ‘तुझी जागा रिकामी आहे’ हे न म्हणता सांगितलं जातं. शेवटी मदत, तीही दिवस-वेळेसकट. ‘काही लागलं तर सांग’ असं म्हटलं की मागण्याचा भार आजाऱ्यावर पडतो आणि संकोची मुलगा कधीच मागत नाही. शनिवारी पाचला वही येणार म्हटल्यावर त्याला फक्त हो किंवा नाही म्हणायचं उरतं. ‘आईकडे देऊन निघेन’ यामुळे नाही म्हणायचाही संकोच राहत नाही.

आणखी एक गोष्ट आपल्या घरांतली. बऱ्याच शाळकरी मुलांचे निरोप आईच्या किंवा बाबांच्या फोनवर येतात आणि आई ते मोठ्याने वाचून दाखवते. तेव्हा आईने वाचलं तर त्याची पंचाईत होईल असं काही लिहू नये. वर्गातली टोपणनावं, कुणावरून चालणारी चिडवाचिडवी भेटीसाठी राखून ठेवावी. आणि ज्या मुलीची किंवा मुलाची सुमितशी फारशी ओळख नाही, त्यांनी जवळिकीचा आव आणू नये. ‘सुमित, पाय मोडल्याचं कळलं. वर्गात सगळे तुझी आठवण काढतात. इतिहासाच्या नोट्स हव्या असतील तर मी पाठवते,’ एवढं पुरे. तिथे विनोद नसला तरी काही बिघडत नाही. वर्गाने मिळून कार्ड करायचं ठरवलं, तर प्रत्येकाने आपापली एक ओळ लिहावी. चाळीस वेळा तेच वाक्य वाचण्यापेक्षा ‘प्रयोगशाळेत तुझा गट माझ्यामुळे परीक्षानळी फोडून मोकळा झाला’ ही एक ओळ त्याला दहा वेळा वाचावीशी वाटेल.

निरोपात वैद्यकीय सल्ले मात्र देऊ नयेत. प्लास्टरच्या आत खाज सुटते आणि मित्र हमखास सुचवतो, ‘पट्टी घालून खाजव.’ त्याने आत जखम होते आणि ती बाहेरून दिसतही नाही. उलट गप्पांच्या ओघात सुमितनेच लिहिलं, की दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढतंय, पायाची बोटं बधिर किंवा निळसर झालीत, तर तिथे गंमत थांबवायची. ‘आईला आत्ता सांग’ असं लिहायचं आणि जमलं तर घरी फोनही करायचा. प्लास्टर घट्ट झाल्याची ती खूण असू शकते, आणि तेव्हा थांबून चालत नाही.

सगळ्यात मोठी चूक मात्र शब्दांत नसते, ती वेळेत असते. पहिल्या दिवशी पन्नास निरोप येतात, तिसऱ्या आठवड्यात एकही नाही. ठणका तोवर कमी झालेला असतो आणि कंटाळ्याने कळस गाठलेला असतो. कुबड्या किंवा वॉकर घेऊन घरातल्या घरात फिरणं जमतं, पण खिडकीतून मैदान दिसतं. पहिल्या आठवड्यात निरोप छोटा आणि प्रश्नाविना हवा होता. आता उलट, लांब लिहा, भरपूर विचारा, उत्तराची वाट बघा. ‘सहामाहीचं वेळापत्रक लागलं, पहिलाच पेपर भूमितीचा. प्रमेय पाठ करायची तुझी युक्ती सांग ना, माझं एकही डोक्यात राहत नाहीये.’ इथे तो आजारी नाही, ज्याच्याकडे काही विचारायला जावं असा मुलगा आहे.

प्लास्टर निघतं त्या दिवशी सगळे लिहितात, ‘चला, आता पळायला मोकळा!’ तसं नसतं. पिंढरी बारीक झालेली असते, गुडघा आखडलेला असतो, काही आठवडे चाल लंगडी राहू शकते आणि मैदान आणखी काही महिने लांब असतं. कबड्डीला हात घालायचा तर डॉक्टरांनी हो म्हणायला हवं. म्हणून तेव्हाचा निरोप असा असावा: ‘प्लास्टर निघालं, झकास! सोमवारी येतोयस ना? जिना सावकाश चढू, मी पाच मिनिटं आधी फाटकापाशी थांबतो. दप्तर तू घेणार की मी, ते तूच ठरव.’ आणि तो वर्गात आला की त्याच्या चालीकडे न बघता, राहिलेल्या प्रमेयाची वही पुढे करावी.