मृत्यू जिथे, नोंद तिथेच

साताऱ्याजवळच्या गावचे निवृत्त शिक्षक पुण्याच्या रुग्णालयात वारले, असे समजा. घरचे दाखल्यासाठी ग्रामपंचायतीत जातात आणि हात हलवत परततात. कारण नोंद राहत्या गावी नव्हे, मृत्यू झाला तिथे होते. इथे पुणे महापालिकेत. रुग्णालयातल्या मृत्यूची खबर रुग्णालयच देते, घरी झालेल्या मृत्यूची कुटुंबाने द्यायची. मुदत २१ दिवस. वर्ष उलटले, तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो.

रुग्णालयाच्या फॉर्मवर नाव घाईत लिहिले जाते, आणि खरी गोची तिथेच होते. फॉर्मवर ‘बाळासाहेब’, पासबुकावर ‘दत्तात्रय’ असेल, तर बँक अडते. तिचा हट्ट मला अनाठायी वाटत नाही: खातेदार हयात असताना वारसाला पैसे दिले, तर खातेदाराला ते पुन्हा द्यावे लागतील. पेन्शन कार्यालयाला तारीख हवी असते; त्या दिवसानंतर मूळ पेन्शन थांबते, पत्नीचे कुटुंब निवृत्तिवेतन सुरू होते आणि जादा जमा झालेली रक्कम वसूल होते. विमा कंपनीला मात्र मृत्यूचे कारणही पाहायचे असते. ते दाखल्यावर छापत नाहीत, म्हणून ती रुग्णालयाची कागदपत्रे वेगळी मागते.