प्रिंट काढली, प्रमाणपत्राचं काय?

साताऱ्यातला एक मंडप डेकोरेटर आहे असं समजा. लग्नाच्या कामाचे १,८०,००० रुपये व्हॉट्सॲपवर ठरले, ५०,००० आगाऊ आले आणि बाकीच्या रकमेचं नाव काढताच वधूपिता म्हणू लागला, ‘एवढे ठरलेच नव्हते.’ डेकोरेटर चॅटचे स्क्रीनशॉट काढतो, कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याला पाठवतो आणि बारा रंगीत प्रिंट घेऊन वकिलाकडे जातो. वकिलाचा पहिला प्रश्न असतो, ‘त्रेसष्टचं प्रमाणपत्र?’

हा त्रेसष्ट म्हणजे भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३. १ जुलै २०२४ पासून त्याने जुन्या पुरावा कायद्यातल्या ६५-बची जागा घेतली. कोर्टाच्या आवारात मात्र अजून ‘पासष्ट बी’च ऐकू येतं.

या प्रमाणपत्राचं महत्त्व ठरवणारा गाजलेला खटला महाराष्ट्रातलाच. २०१४च्या विधानसभा निवडणुकीत जालन्यातून अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले. त्यांचे उमेदवारी अर्ज दुपारी तीनची मुदत टळल्यावर स्वीकारले गेले, असा कैलास गोरंट्याल यांच्या बाजूचा आक्षेप होता. निवडणूक कार्यालयातल्या व्हिडिओच्या सीडी होत्या, पण वारंवार मागूनही कार्यालयाने प्रमाणपत्र दिलं नाही. सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी सांगितलं, की नकलेसोबत प्रमाणपत्र हवंच. तोंडी साक्षीने त्याची उणीव भरून निघत नाही. मात्र ज्याने मागण्यात काही कसर ठेवली नाही आणि तरी समोरच्याने दिलंच नाही, त्याला सूट. शिवाय मूळ उपकरणाच्या मालकाने साक्षीला उभं राहून ते उपकरणच हजर केलं, तर प्रमाणपत्राची गरज नाही.

म्हणजे डेकोरेटर फोनच कोर्टात देऊ शकतो. पण धंद्याचा फोन खटला संपेपर्यंत अडकवून ठेवणं कोणाला परवडतं? म्हणून प्रिंट, आणि म्हणून प्रमाणपत्र.

त्याची सुरुवात चॅट बाहेर काढण्यापासून होते. सुट्या स्क्रीनशॉटमध्ये मधले मेसेज गाळणं सोपं असतं, त्यामुळे `Export chat` वापरून सबंध संभाषणाची फाइल घेणं बरं. इथे एक सापळा आहे. नंबर सेव्ह केलेला असेल तर फाइलमध्ये नंबर येत नाही, फोनमधलं नाव येतं. ‘पाटीलसाहेब लग्न’ हे नाव तर कोणीही कोणत्याही नंबराला देऊ शकतो! म्हणून त्या संपर्काचं नंबर दिसणारं पानही जोडावं लागतं.

ही फाइल साध्या मजकुराची असते. नोटपॅडमध्ये उघडून १,३०,०००चे ३,३०,००० करायला क्षणही लागत नाही. नव्या कायद्याने हॅश मागितला तो यासाठीच. हॅश हा फाइलच्या मजकुरावरून गणिताने काढलेला ठसा. विंडोजच्या संगणकावर तो असा निघतो:

```
certutil -hashfile chat.txt SHA256
```

उत्तरादाखल ६४ आकडे-अक्षरांची ओळ येते. फाइलचं नाव बदललं तरी ती तीच राहते; आतला एक स्वल्पविराम हलला तरी सगळी ओळ बदलते. स्क्रीनशॉट व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला की तो आक्रसतो आणि त्याचाही हॅश बदलतो. झेरॉक्सवाल्याकडची वाट चुकते ती इथे. आधी हॅश काढायचा, मग त्याच फाइलची प्रिंट, आणि फाइल पेनड्राइव्हवर जपून ठेवायची.

प्रमाणपत्राचा नमुना कायद्याच्या परिशिष्टातच आहे. भाग ‘अ’ फोन ज्याच्या ताब्यात आहे त्याने, म्हणजे डेकोरेटरने, भरायचा. वकिलाने किंवा भाच्याने नव्हे. त्यात फोनची कंपनी, मॉडेल, रंग, अनुक्रमांक आणि आयएमईआय येतो (`*#06#` दाबलं की दिसतो). फोन नीट चालत होता हे विधान, हॅश आणि तो कोणत्या पद्धतीने काढला हेही लिहायचं. हॅशचा अहवाल जोडायचा. सहीखाली तारीख, वेळ, ठिकाण. भाग ‘ब’ तज्ज्ञाच्या सहीचा. हा तज्ज्ञ कोण, हे कलम ६३ स्वतः सांगत नाही, आणि सामान्य माणसाचा खर्च व खोळंबा इथेच होतो. दोन्ही भागांतला हॅश जुळला नाही, तर विरोधी वकिलाला आयतंच कोलीत.

एवढं करूनही सिद्ध काय होतं? ही प्रिंट या फोनमधल्या नोंदीची आहे, इतकंच. मेसेज कोणी टाइप केला हे हॅश सांगत नाही. उलटतपासणीत वधूपिता म्हणेल, ‘त्या दिवशी फोन मेहुण्याकडे होता.’ त्याला उत्तर चॅटमध्ये सापडत नाही. ते मिळतं ‘१,८०,००० पक्के’ या मेसेजनंतर काही मिनिटांत वधूपित्याच्याच खात्यातून आलेल्या ५०,००० रुपयांच्या नोंदीत. आणि त्या बँक-उताऱ्याला बँकेचं वेगळं प्रमाणपत्र लागतं.